स्टेटस म्हणजे पोस्ट नव्हे? एका लग्नाच्या फोटोंचं प्रकरण

माझ्या मावसबहिणीचं लग्न सोळा फेब्रुवारीच्या रविवारी साताऱ्यात झालं. हळद शनिवारी संध्याकाळी मावशीच्या घरी, लग्न दुसऱ्या दिवशी कार्यालयात, मुहूर्त सकाळी ११ वाजून ४८ मिनिटांचा. मुलाकडची मंडळी रत्नागिरीची. दोन्हीकडचे मिळून अडीचशेच्या आसपास लोक होते आणि त्यातल्या दोनशेंच्या हातात मोबाइल होता. देवक, घाणा, रुखवत यांची जबाबदारी आधीच वाटली गेली होती. माझ्या वाट्याला आले फोटो. काढायचे नव्हते, गोळा करायचे होते.

हे काम मागून घेण्याचं कारण आधीच्या वर्षी घरातच झालेलं एक लग्न. तेव्हा फोटो व्हॉट्सॲपच्या चार ग्रुपांवर पसरले. वराकडचे फोटो आमच्यापर्यंत आलेच नाहीत आणि नवरीने स्वतःचा पहिला फोटो टाकायच्या आत तिच्या वर्गमैत्रिणीने पाठवणीतला रडका चेहरा इन्स्टाग्रामवर टाकला. "ताई, माझ्या लग्नात असं होऊ देऊ नकोस," असं मावसबहिणीने साखरपुड्यालाच बजावलं होतं. तिच्या मागण्या तीन होत्या. सगळे फोटो एका जागी यावेत, ती आणि नवरा शुक्रवारी फिरायला जायच्या आत यावेत आणि बाहेर काय जाईल ते आधी त्या दोघांना कळावं.

अल्बम कुठे आणि कोणाच्या नावावर

गुगल फोटोजचा शेअर्ड अल्बम निवडला, त्यामागचं कारण साधं होतं. आमच्याकडे दहातल्या आठ जणांचे फोन अँड्रॉइड आहेत. ॲपलच्या शेअर्ड अल्बममध्ये अँड्रॉइडवाल्यांना फोटो घालता येत नाहीत, वेबवरून फक्त बघता येतात. शिवाय तिथे फोटो लहान करून ठेवला जातो, लांब बाजू २०४८ पिक्सेलची. स्क्रीनवर तेवढं पुरतं, पण पुढे त्यातून मोठी फ्रेम करायची म्हटलं की कमी पडतं.

गुगलच्या अल्बमचा एक नियम बहुतेकांना माहीत नसतो आणि आमच्या निम्म्या अडचणी त्यातूनच आल्या. अल्बम माझा असला तरी त्यात काकांनी घातलेला फोटो काकांच्याच खात्यातली जागा खातो. प्रत्येक खात्याला फुकट मिळतात १५ जीबी, त्यातच जीमेल आणि ड्राइव्हही आलं. म्हणजे मला जागा विकत घ्यावी लागली नाही हे बरं झालं, पण ज्याचं खातं आधीच भरलेलं असेल त्याचे फोटो वर चढतच नाहीत. दुसरं असं की फोटो शेवटपर्यंत काकांच्याच ताब्यात राहतो. त्यांनी आपल्या गुगल फोटोजमधून तो काढला की अल्बममधूनही जातो. हा दुसरा मुद्दा मार्चमध्ये आमच्या अंगाशी आला, तो पुढे सांगते.

अल्बममध्ये Collaborate चालू ठेवलं, म्हणजे लिंक असलेल्याला फोटो घालता येतात. फोटोचं ठिकाण दाखवण्याचा पर्याय बंद केला. हळद मावशीच्या राहत्या घरी होती आणि त्या घराचा नकाशावरचा ठिपका अडीचशे लोकांना वाटायचं काही कारण नव्हतं. क्यूआर कोड छापून रुखवताशेजारी लावावा अशी एक सूचना आली होती. मी नको म्हटलं. रुखवताचे फोटो प्रत्येक जण काढतो आणि तेच सगळ्यात आधी बाहेर जातात, त्यांच्याबरोबर कोडही गेला असता. तो मग नवरीच्या खोलीत आरशाजवळ आणि मुलाकडच्या खोलीत दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला. बाकीच्यांना लिंक एकेकाला पाठवली, ग्रुपवर टाकली नाही. वेळ गेला, पण लिंक कोणाकडे आहे हे मला माहीत होतं.

परवानगी कशाची विचारायची

आधी मी एक चूक करायच्या बेतात होते. प्रत्येक फोटो बघून त्यातल्या प्रत्येकाला "हा टाकू का" असं विचारायचं ठरवलं होतं. अडीच-तीन हजार फोटो येणार होते, म्हणजे उत्तरं गोळा करण्यात दिवाळी उजाडली असती. माझ्या नवऱ्याने उलटा प्रश्न केला: "बाहेर जाणार किती?" हिशेब केला. नवरानवरी, त्यांचे आईवडील आणि दोन्हीकडची हौशी भावंडं, सगळ्यांनी मिळून साठ-सत्तरपेक्षा जास्त फोटो कोणी टाकणार नव्हतं. मग परवानगी तेवढ्यांचीच घ्यायची.

त्यावरून दोन अल्बम ठरले. एकाचं नाव "लग्नघर". त्यात सगळं येणार आणि ते घरातल्यांनी बघायचं. दुसऱ्याचं नाव "बाहेर चालेल". तो सुरुवातीला रिकामा आणि त्यात फोटो घालण्याचा हक्क फक्त दोघींना, मी आणि नवरदेवाची वहिनी. नियम एकच: फोटो दुसऱ्या अल्बममध्ये असेल तरच तो बाहेर जाऊ शकतो. कोणत्या फोटोवर बंदी आहे याची यादी ठेवायची गरजच उरली नाही. यादीत नसलेला फोटो चालेल असं लोक समजतात आणि घोळ नेमका तिथेच होतो.

वहिनींना सोबत घेणं मला अत्यावश्यक वाटत होतं. मुलाकडच्या कोणाला फोन करून "तुमचा फोटो चालेल का" असं मी विचारलं असतं तर ते मुलीकडच्यांनी घातलेलं बंधन ठरलं असतं. वहिनींनी विचारलं की ती घरातली चौकशी होते.

विचारलंही ग्रुपवर नाही. ग्रुपवर नकार कोण लिहिणार? लग्नाआधीच्या आठवड्यात, निमंत्रणाच्या आठवणीचे फोन चालू असतानाच, एक वाक्य जोडलं: "अन् तुमचा फोटो बाहेरच्यांना दिसला तर चालेल ना? नको असेल तर नुसतं नको म्हणा, कारण नको." बहुतेकांनी "असं काय विचारतेस" म्हणून हसण्यावारी नेलं. सात जणांनी नको म्हटलं. वहीत सात नावं लिहिली, कारणं लिहिली नाहीत. तरी दोन कानावर आलीच. एका चुलतवहिनीला पाचवा महिना लागला होता आणि तिने अजून कोणाला सांगितलं नव्हतं. एका काकूंचे यजमान वर्षापूर्वीच गेले होते. त्या लग्नाला आल्या यावर कोणी दोन शब्द बोलू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. अशी कारणं वहीत लिहून ठेवली असती आणि वही कुठे पडून राहिली असती तर नकार मागून आम्ही त्यांचं नुकसानच केलं असतं.

लहान मुलांसाठी आईवडिलांपैकी एकाचं "हो" पुरेसं नाही, दोघांचं हवं, हे वहिनींनी सुचवलं. मला ते तेव्हा जास्तीचं वाटलं होतं.

ग्रुप फोटोचा प्रश्न वेगळा. बेचाळीस जणांच्या फोटोत एक "नको" असेल तर तो फोटो "नको" आहे, यात आम्ही सूट ठेवली नाही. पण ज्यांनी नको म्हटलं त्यांना बाजूला काढलं की सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडेच जातात. म्हणून त्यांना आधीच कानात सांगितलं होतं: "ग्रुप फोटोला डावीकडे टोकाला उभ्या राहा." सातांपैकी पाच जणी तशा उभ्या राहिल्या आणि बाहेर जाणाऱ्या फोटोची डावी कड कापता आली. एक मात्र आजीच्या शेजारी मधोमध बसली. आजीने हात धरून बसवल्यावर ती काय करणार? तो फोटो गेला नाही.

फोटोग्राफरबरोबरची दोन ओळींची भानगड

याला एकच परिच्छेद पुरे, पण तो वगळता येणार नाही. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ तसं सांगतं. फोटोग्राफरच्या कोटेशनच्या तळाशी नेमका तो वेगळा करार असतो. आमच्यात लिहिलं होतं की निवडक फोटो आणि व्हिडिओ "प्रसिद्धीसाठी वापरण्याचा अधिकार" त्यांचा. विचारल्यावर कळलं की ते चौथ्या दिवशी छोटा व्हिडिओ टाकतात. आम्ही तिथेच पेनाने दोन ओळी वाढवल्या: जोडप्याचा व्हॉट्सॲपवर लेखी होकार आल्याशिवाय काही टाकायचं नाही, हळदीतलं आणि लहान मुलांचं काहीच टाकायचं नाही. त्यांनी सही केली. फक्त सजावटीचे, माणसं नसलेले फोटो लगेच टाकू द्या म्हणाले, ते दिले. हे बोलणं बयाणा देण्याआधी झालं म्हणून सोपं गेलं. २०२३चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा घरगुती कारणासाठी कोणी व्यक्ती माहिती वापरत असेल तर लागू होत नाही. म्हणजे आत्याने काय टाकावं हे त्या कायद्यात शोधून उपयोग नाही, ते घरातच ठरवावं लागतं. फोटोग्राफर धंदा म्हणून वापरतो, त्याचं लिहून घ्यावं लागतं.

बुधवार रात्री दहा

मुदती अशा होत्या. मोबाइलवरचे फोटो बुधवारी रात्री दहापर्यंत. गुरुवारी मी आणि वहिनी निवडणार, संध्याकाळी नवरानवरी बघणार. शुक्रवारी सकाळी नवरी आपला पहिला फोटो टाकणार आणि त्यानंतर "बाहेर चालेल" अल्बम सगळ्यांसाठी उघडणार. कॅमेऱ्यावरचे फोटो पुढच्या रविवारपर्यंत. आणि होळीच्या दिवशी अल्बम उतरवून घ्यायचा. तारखेपेक्षा सण लक्षात राहतो म्हणून होळी.

तीन दिवसच का, असं मामांनी विचारलं होतं. लग्नाहून परतल्यावर लोक पहिल्यांदा फोन साफ करतात म्हणून. "मेमरी फुल" असं दिसलं की माणूस सगळ्यात मोठं काय आहे ते बघतो, आणि सगळ्यात मोठे असतात लग्नातले व्हिडिओ. 4K मध्ये काढलेला व्हिडिओ नव्या आयफोनवर मिनिटाला सुमारे १७० एमबी घेतो. चार मिनिटांच्या मंगलाष्टका म्हणजे पाऊण जीबीच्या जवळ.

सोमवारी दुपारपर्यंत चार जणांचे फोटो आले होते. मी सकाळी सर्वांना पाठवलेला निरोप हा:

"सर्वांनी आपापले फोटो कृपया वरील लिंकवर लवकरात लवकर टाकावेत."

यावर अंगठे आले, फोटो आले नाहीत. "सर्वांनी" म्हटलं की ते कोणालाच लागू होत नाही, आणि "लवकरात लवकर" म्हणजे कधीच नाही. मंगळवारी मी अर्धा तास बसून फोटोग्राफरने दिलेल्या नमुन्याच्या फोटोंत कोण कुठे मोबाइल धरून उभं आहे ते बघितलं. मग एकेकाला वेगळा निरोप पाठवला:

"काकू, सूनमुखाच्या वेळी तुम्ही आरशाच्या बाजूला होतात. तिचा आरशातला चेहरा फक्त तुमच्याच फोनमध्ये असेल. उद्या रात्री दहाच्या आत टाकाल ना? जमत नसेल तर मी सातला फोन करते, बोलता बोलता टाकू."

असे सव्वीस निरोप पाठवले आणि बुधवारी रात्रीपर्यंत एकवीस जणांचे फोटो आले. आपल्याकडे जे आहे ते दुसऱ्या कोणाकडे नाही हे कळलं की माणूस फोन हातात घेतो. कानपिळीचा एकमेव नीट फोटो असा नवरीच्या भावाच्या मित्राकडून आला, त्याला मी एरवी विचारलंही नसतं.

एक तांत्रिक गोष्ट याच वेळी लक्षात आली. काही जण स्वतः काढलेले फोटो सोडून व्हॉट्सॲपवर आलेलेच अल्बममध्ये घालत होते. असा फोटो नावावरून ओळखता येतो:

```
IMG-20250216-WA0034.jpg
```

नावात WA दिसलं की तो व्हॉट्सॲपमधून फिरून आलेला आहे. तो लहान झालेला असतो आणि कधी काढला ती मूळ वेळही त्यातून गेलेली असते. नावातली तारीख तो व्हॉट्सॲपवरून फिरला त्या दिवसाची. म्हणून असे फोटो अल्बममध्ये भलत्याच जागी जाऊन बसतात. सोमवारी फॉरवर्ड झालेली सप्तपदी पाठवणीनंतर दिसते. एचडी निवडून पाठवला तर फोटो थोडा बरा येतो, पण मूळ फाईल हवी तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवावा लागतो. मी WA असलेले सगळे बाजूला काढले आणि ज्याच्याकडे मूळ होता त्यालाच मागितले. मूळ मिळालाच नाही तिथे WA चा ठेवला. वाईट फोटो हा नसलेल्या फोटोपेक्षा बरा.

मामा बुधवारी रात्री म्हणाले, "मी तर कालच सगळे टाकले." अल्बममध्ये त्यांचा एकही नव्हता. त्यांच्या फोनवर गुगल फोटोजमध्ये वर चित्राला टिचकी मारून बघायला सांगितलं तर १५ जीबी भरलेले. फोटो वर चढत नव्हते आणि तशी सूचना मामांनी "नंतर" म्हणून बाजूला सारली होती. कोणी टाकले म्हणतो आणि दिसत नाहीत, तेव्हा पहिल्यांदा हेच बघावं. त्यांच्या मुलाने क्विक शेअरने फोटो स्वतःच्या फोनवर घेतले आणि आपल्या खात्यातून टाकले. दहा मिनिटांचं काम, फोनवरून फोनवर घ्यायला इंटरनेटही लागलं नाही.

दुसरा प्रकार न्यू जर्सीहून आलेल्या चुलतभावाच्या कॅमेऱ्याचा. त्याने हौसेने चारशे बारा फोटो काढले होते, त्यातले तीसेक आधी टाकून बघितले. अल्बममध्ये अंतरपाट मध्यरात्री एक वाजून अठरा मिनिटांनी! मोबाइलचं घड्याळ आपोआप बदलतं, कॅमेऱ्याचं बदलत नाही. ते तिकडच्याच वेळेवर होतं. फेब्रुवारीत तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते (उन्हाळ्यात साडेनऊ, तेव्हा आधी महिना बघावा). ११:४८ मधून साडेदहा वजा केले की १:१८, हिशेब जुळला. टाकलेले तीस काढले आणि त्याच्या लॅपटॉपवर सगळ्यांची वेळ एका ओळीत पुढे सरकवली:

```
exiftool "-AllDates+=0:0:0 10:30:0" lagna_camera
```

lagna_camera हे फोल्डरचं नाव. ही आज्ञा मूळ फाईल _original अशा नावाने बाजूला ठेवते, त्यामुळे चुकलं तर परत फिरता येतं. वेळ किती सरकवायची ते ठरवायला एक खूण लागते, म्हणजे दोन्हीकडे असलेला एकच क्षण. लग्नात तो आयता मिळतो. अंतरपाट बाजूला होऊन अक्षता पडतात, तो क्षण प्रत्येकाच्या फोनमध्ये असतो.

"मी पोस्ट नाही केला"

बुधवारी सगळं सुरळीत चाललंय असं वाटत असताना संध्याकाळी नवऱ्याच्या चुलतबहिणीचा फोन वहिनींना आला. तिच्या तीन वर्षांच्या मुलाचा हळदीतला फोटो, अंगावर फक्त चड्डी आणि सगळं अंग पिवळं, नवऱ्याच्या आत्यांच्या स्टेटसला होता. आत्यांच्या ओळखीत अर्धं रत्नागिरी. मुलाचा बाप परगावी, त्याला हे बिलकूल चालणार नव्हतं.

वहिनींनी आत्यांना फोन केला. ग्रुपवर काही लिहिलं नाही, आणि हेच मला सगळ्यात मोलाचं वाटतं. आत्या खरोखर गोंधळल्या. "अगं, मी पोस्ट कुठे केला? स्टेटसला ठेवलाय फक्त. उद्या जाईल आपोआप." त्यांचं खोटं नव्हतं. आमच्या निरोपात लिहिलं होतं, "अल्बममधले फोटो पोस्ट करू नयेत." आत्यांच्या लेखी पोस्ट म्हणजे फेसबुक. स्टेटस चोवीस तासांत जातो, तो फक्त ओळखीच्यांना दिसतो, मग त्यात बाहेर काय गेलं? त्यांनी दहा मिनिटांत काढला, वाईटही वाटून घेतलं. पण तोवर एकशे चाळीस जणांनी बघितला होता आणि एकीने स्क्रीनशॉट काढून "किती गोड" म्हणून दुसऱ्या ग्रुपवर टाकला होता. तिलाही फोन झाला. तिने काढला. तिच्या पुढे कोणी घेतला असेल तर ते कळायला मार्ग नाही.

चूक आमची होती, शब्दाची. बुधवारी रात्रीच दोन्हीकडे नवा निरोप गेला, या वेळी मराठीत विचार करून लिहिलेला:

"लग्नघर अल्बममधला फोटो घरातच बघायचा. स्टेटस, डीपी, स्टोरी, रील, फेसबुक, दुसऱ्या ग्रुपवर पाठवणे, यातलं काहीही केलं की तो घराबाहेर गेला असं समजूया. बाहेर टाकायचे फोटो शुक्रवारी सकाळी वेगळ्या अल्बममध्ये मिळतील, ते खुशाल टाका."

शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलं. नुसतं "टाकू नका" म्हटलं की लोक चोरून टाकतात. "शुक्रवारी मिळतील" म्हटलं की थांबतात. गुरुवारी दिवसभरात एकच स्टेटस दिसला, तोही रुखवतातल्या बोराच्या जहाजाचा.

गुरुवारी निवड झाली. "लग्नघर"मध्ये तोवर सव्वादोन हजारांच्या वर फोटो होते. वहिनी आणि मी व्हिडिओ कॉलवर बसलो, त्यांच्यासमोर त्यांच्याकडची नावं, माझ्यासमोर माझी. फोटो मोठा करून मागच्या रांगेत कोण दिसतं ते बघायचं, हेच खरं काम. पुढे जेवणारे हसत असतात आणि मागे पंगतीत वाढताना चुलतवहिनी उभी असते. संध्याकाळी नवरीने स्वतःचे अकरा काढून टाकले (त्यातले नऊ मला फार आवडले होते, पण निवड तिची), नवऱ्याने एक. उरले चौसष्ट. हळदीचे त्यात फक्त पाच, सगळे मोठ्यांचे आणि सगळ्यांना दाखवून घेतलेले. शुक्रवारी सकाळी सव्वानऊला तिने विमानतळावरून आपला फोटो टाकला आणि साडेनऊला मी दुसरा अल्बम उघडला.

दोनशे बारा

दर रविवारी मी वहीत एक आकडा लिहीत होते, "लग्नघर"मध्ये एकूण किती. मार्चच्या पहिल्या रविवारी २,७६४. पुढच्या रविवारी २,५५२. कोणीही काही सांगितलं नव्हतं. आकडा लिहिला नसता तर हे कधीच कळलं नसतं, कारण अडीच हजारांतून दोनशे गेल्याचं डोळ्यांना दिसत नाही.

शोधलं तर पाठवणीनंतरचे, रत्नागिरीतल्या गृहप्रवेशाचे फोटो नव्हते. ते सगळे नवऱ्याच्या धाकट्या काकांचे. त्यांचा फोन भरला, त्यांनी गुगल फोटोज उघडून लग्नाचे फोटो निवडले आणि Delete केलं. अल्बममध्ये तर आहेतच, मग फोनवर कशाला, असा त्यांचा सरळ हिशेब. पण अल्बममध्ये वेगळी प्रत नसते, तोच फोटो दोन ठिकाणी दिसत असतो. फोनवरची जागा मोकळी करायची तर त्याच ॲपमध्ये Free up space आहे. ते वर चढलेले फोटो फक्त फोनवरून काढतं.

नशिबाने वर चढलेला फोटो Trash मध्ये ६० दिवस राहतो. काकांनी तिथून परत आणले आणि ते आपापल्या जागी अल्बममध्ये आले, पुन्हा घालावे लागले नाहीत. त्याच रात्री मी होळीची वाट न बघता संगणकावरून Download all करून अख्खा अल्बम उतरवला. दोन हार्डडिस्कवर प्रती केल्या, एक मावशीकडे, एक रत्नागिरीला. आता मागे वळून बघताना ही मुदत होळीची ठेवणं मला चुकलेलं वाटतं. कॅमेऱ्यावरचे फोटो आले त्याच रविवारी उतरवायला हवं होतं. मधले दोन आठवडे आम्ही एकोणतीस जणांच्या साफसफाईच्या सवयींवर विसंबून होतो.

होळीच्या दिवशी "लग्नघर"ची लिंक बंद केली. "बाहेर चालेल" अजून चालू आहे आणि त्यात बदल होत असतात. एप्रिलमध्ये चुलतवहिनीचा निरोप आला: "ताई, आता सगळ्यांना कळलंय. आजीबरोबरचा तो फोटो घाला ना." तो घातला, पासष्ट झाले. मे महिन्यात नवऱ्याच्या एका मामेबहिणीने तिचे दोन काढायला सांगितले. कारण विचारलं नाही, काढले. तिने आधी "हो" म्हटलेलं असल्यामुळे ते दोन फोटो तोवर कोणी टाकले होते हे बघावं लागलं. तिघांकडे निघाले. दोघांनी लगेच काढले. तिसऱ्यांना वहिनी दोनदा फोन करून चुकल्या आहेत, ते शेतावर असतात, संध्याकाळी सातनंतरच फोन लागतो.